पुराव्यातले रुपरावजी

"पुरावा जोड बिनधास्त, पण पुराव्यात माणूस नको येऊ देऊ वं," सोनिकाने मला मार्चच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं आणि माझ्या डब्यातली भेंडी तिच्या डब्यात वाढली. एचआरमधली माणसं सगळ्यांनाच असं काहीतरी सांगत असतात. त्यांचं ऐकायचं ठरवलं तर जेवायला वेळ उरत नाही.

आमची कंपनी बुटीबोरीला पुठ्ठ्याची खोकी बनवते. मी तिथे क्वालिटीत आहे. खोकं किती दाबाला फाटतं, एकावर एक किती रचली की खालचं बसतं, हे बघायचं माझं काम. दर मार्चला आमच्याकडे स्टाफमधला प्रत्येक जण स्वतःच्या वर्षाचा हिशेब स्वतः मांडतो. कॉम्प्युटरवर एक फॉर्म उघडतो. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलेली उद्दिष्टं एका बाजूला, समोर 'काय साध्य केलं', मग 'आकडा', मग 'पुरावा', आणि सगळ्यात शेवटी स्वतःच स्वतःला एक ते पाच गुण. त्यावर साहेब गुण देतात. मग पुण्याच्या हेड ऑफिसात सगळ्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवून कोणाचे कापायचे ते ठरतं.

गेल्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतले होते. झोप नव्हती. फॉर्ममध्ये एकच ओळ लिहिली, 'नेमून दिलेलं काम प्रामाणिकपणे केलं.' दुर्गेश सरांनी, म्हणजे आमच्या क्वालिटीच्या साहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, प्रामाणिकपणा हे काय साध्य होय का? तो तर घरूनच आणावा लागते. आकडा कुठं आहे?"

तीन मिळाले. तीन म्हणजे 'अपेक्षेप्रमाणे'. घरी आल्यावर मोहित म्हणाला, "मग चांगलंच आहे नं!" मी त्याला विचारलं, तुझ्या आईने माझ्या वरणाला 'अपेक्षेप्रमाणे' म्हटलं तर तू काय समजशील? तो ताट उचलून स्वयंपाकघरात गेला.

या वर्षी मी शिकले. आकडा कुठूनही काढता येतो हे एकदा कळलं की माणूस थांबत नाही. डिस्पॅचच्या साहिलने 'ग्राहकांशी संबंध दृढ केले – ३' असं लिहून पुरावा म्हणून तीन लग्नांत ग्राहकांसोबत जेवतानाचे फोटो जोडले. खुद्द दुर्गेश सरांनी लिहिलं होतं, 'टीमला प्रेरणा दिली – ४ वेळा.' आम्ही टीममध्ये बसून आठवत राहिलो, नेमकं कधी. दोन सापडल्या. त्यातली एक चहाची होती.

माझ्याकडे मात्र खरा आकडा होता. सुरक्षिततेचा.

आमच्याकडे प्रत्येकाने वर्षाला बारा 'निअर मिस' नोंदवायचे असतात. म्हणजे अपघात होता होता टळला, किंवा होऊ शकला असता, अशी जागा दिसली की मोबाइलवर फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या आणि कंपनीच्या अ‍ॅपवर टाकायचं. देखभालवाले येऊन दुरुस्त करतात, मग नोंद बंद होते. लोक बारा पूर्ण करायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सैरावैरा फिरतात आणि सगळेच कॅन्टीनच्या ओल्या फरशीचा फोटो काढतात. त्या एका फरशीवर आमच्या कंपनीची सुरक्षितता उभी आहे.

माझ्या नोंदी एकसष्ट झाल्या होत्या.

मला त्यासाठी कष्ट पडले नाहीत. गुंजन झाल्यापासून मला जिकडे तिकडे कोपरे दिसतात. टेबलाचे, पलंगाचे, शेजारणीच्या स्वभावाचे. दिवसभर ती प्रताप नगरच्या पाळणाघरात असते, आणि तिथे मी नसते. मग ती सगळी नजर मी कारखान्यावर खर्च करते. शिडीचा नट ढिला. पॅलेटमधून खिळा वर आलेला. खळीच्या टाकीजवळ सांडलेली खळ, तिच्यावर एक चपलेचा ठसा, पुढे ठसाच नाही. मी बघायचे, फोटो काढायचे.

आणि मी फोटो काढायला फोन वर केला की बऱ्याचदा आवाज यायचा, "थांबा थांबा मॅडम, मले येऊ द्या!"

हे रुपरावजी. आमचे फोर्कलिफ्टवाले. कागदाची मोठाली रिळं ट्रकमधून उतरवून गोदामात लावायची आणि तिथून मशीनपाशी आणायची, हे त्यांचं काम, त्यामुळे ते सगळीकडेच असत. उमरेडहून बसने येतात. पन्नाशी ओलांडलेली, पण केस एकही पांढरा नाही आणि त्याचं कारण कोणी विचारायचं नाही. कॅमेरा दिसला की ते गाडी बंद करून, किल्ली काढून, खाली उतरायचे. डोक्यावरचं हेल्मेट काढून पाठीमागे धरायचे, दुसऱ्या हाताने खिशातला कंगवा काढून भांग नीट करायचे, आणि धोक्याच्या बाजूला उभे राहून त्याच्याकडे हात दाखवायचे. एखाद्या मंत्र्याने पुलाचं उद्घाटन करावं तसा.

"रुपरावजी, नुसत्या खिळ्याचा फोटो पाहिजे."

"नुसत्या खिळ्याले कोण पाहते मॅडम? काढा. आणि मले पाठवा. प्रेमिला म्हणते, दिवसभर कंपनीत करता काय. तिले दाखवाले होते."

बापाच्या वयाच्या माणसाला बाजूला व्हा म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. मी फोटो काढायचे, त्यांना पाठवायचे, आणि ते आपल्या स्टेटसला लावायचे. खाली लिहायचे, 'ड्युटी'.

तर मी एकसष्ट नोंदी, एकसष्ट फोटो, अठ्ठावन्न दुरुस्त झाल्याचा दाखला, असं सगळं जोडलं. उद्दिष्टाच्या पाचपट. स्वतःला पाच दिले आणि फॉर्म पाठवून दिला. पाठवला की तो बंद होतो, मग त्यात एक काना मात्रा बदलता येत नाही.

एप्रिलमध्ये दुर्गेश सरांनी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर माझेच फोटो होते, एकाखाली एक, आणि प्रत्येक फोटोत एका चेहऱ्याभोवती लाल गोल.

"अभिनंदन मॅडम. पुण्याच्या कामिनी मॅडमनं तुमचे फोटो स्वतः पाहिले. पूर्ण."

कामिनी मॅडम म्हणजे साऱ्या कंपनीच्या सुरक्षिततेच्या प्रमुख. मी खूश झाले. मग लाल गोल मोजले.

"एकसष्ट धोक्यांपैकी सत्तावीस ठिकाणी एकच माणूस हजर," सर म्हणाले. "आणि सत्तावीसच्या सत्तावीस ठिकाणी डोक्यावर हेल्मेट नाही. त्यायनं लिहिलं आहे, 'ही व्यक्ती धोक्याचं कारण असण्याची दाट शक्यता.' त्याले गाडीवरून उतरवलं आजपासून."

"अहो सर, ते कारण नाहीत! ते पोज देत होते!"

"मले माहीत आहे नं. साऱ्या कंपनीले माहीत आहे. पुण्याले कसं माहीत राहीन?"

रुपरावजींचं फोर्कलिफ्ट चालवायचं ओळखपत्र काढून घेऊन त्यांना मागच्या यार्डात पाठवलं होतं, कातरणीच्या रद्दीचे गठ्ठे बांधायला. पुढच्या आठवड्यात पुण्याशी व्हिडिओवर बैठक होती. त्यात कामिनी मॅडमनी ते परत द्यायला नाही म्हटलं, तर ओळखपत्र कायमचं रद्द आणि निवृत्त होईपर्यंत रद्दी.

मी सोनिकाकडे धावले. "फॉर्म परत उघडून दे."

"नाही होत वं. साहेबानं परत पाठवला तरच उघडते, आणि आता तो पुण्याले गेला." मग ती हळूच म्हणाली, "मी सांगितलं होतं की नाही?" एवढं म्हणायचा हक्क तिला होता, आणि तिने तो नंतर दिवसातून दोनदा वापरला.

यार्डात ऊन नुसतं भाजत होतं. रुपरावजी गठ्ठ्यावर बसले होते. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली गच्च. मी सगळं सांगितलं. फोटो, लाल गोल, पुणे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"कोणते फोटो पाहिले त्यायनं?"

"सगळे. सत्तावीस."

"सगळे? पुण्याले?" आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, क्षणभर आनंद पसरला. "खळीवाला पाहिला का? तो लय मस्त आला होता."

"रुपरावजी!"

"हाव, हाव." ते पुन्हा खाली बघू लागले. "घरी नाही सांगितलं मॅडम. पोरीच्या सासरी सांगून ठेवलं आहे नं, कंपनीची मोठी गाडी चालवतो म्हणून. सकाळी तेच कपडे घालून निघतो. इथं येऊन गठ्ठे बांधतो. पण गाडीचा आवाज इथंवर येते. तो नवीन पोट्टा चालवून राहिला. गिअर कसा टाकते, ऐका. ऐका नं."

मी ऐकलं. मला काही कळलं नाही, पण त्यांचा गाल प्रत्येक आवाजाला उडत होता.

माझ्या डोक्यात आलं, आकड्यांनी घात केला तर आकडेच मांडायचे. कामगारांकडून असा फॉर्म भरून घेत नाहीत, तो स्टाफचाच मान. पण मी रुपरावजींचा भरायचा ठरवला. वही घेऊन समोर बसले.

"सांगा, वर्षभरात काय साध्य केलं?"

"साध्य काय? रीळ उचलली, ठेवली. उचलली, ठेवली."

"किती?"

"लिहा एक लाख."

"एवढी रिळं कंपनीत येतच नाहीत."

"मंग पन्नास हजार लिहा. कमी करून घेतो तुमच्यासाठी."

खरा आकडा मी गोदामाच्या सिस्टिममधून काढला, आठ हजारांच्या वर. त्यांच्या हातून फाटलेली रिळं अकरा. चांगला आकडा होता, मी अधोरेखित केला. "अजून? नेमून दिलेल्या कामापलीकडे काही?"

इथे रुपरावजी खुलले. "गणपतीत मांडवाचे खांब मीच उचलून दिले, गाडीनं."

गाडीने खांब उचलायला बंदी आहे. मी लिहिलं नाही.

"साहिल सर आहे नं, त्याले फोर्कवर उभं केलं आणि वर नेलं, वीस फूट. ट्यूबलाइट बदलवून घेतली. एका मिनिटात! शिडीच नाही लागली."

मी पेन खाली ठेवला. "रुपरावजी, हे बाहेर कोणाला सांगू नका."

"काहून? फोटो आहे त्याचा. तुम्ही नव्हत्या तेव्हा, पण साहिल सरनं वरूनच काढून मले पाठवला आहे."

"तो पुसा. आत्ता. माझ्यासमोर." त्यांनी नाइलाजाने पुसला. मी मात्र त्याच दुपारी बासष्टावी नोंद टाकली, 'गोदामात उंचावरच्या ट्यूबलाइट बदलायला योग्य शिडी नाही.' फोटोत फक्त ट्यूबलाइट. साहिल वीस फुटांवर दोन लोखंडी पात्यांवर उभा आहे हे चित्र नंतर चार रात्री माझ्या डोळ्यांसमोर येत होतं, आणि कधी कधी त्याच्या जागी गुंजन असायची.

आकडे बरे होते, पण हेल्मेटचं उत्तर त्यांत नव्हतं. ते रविवारी सापडलं. बागेतून आल्यावर गुंजनची टोपी काढली. घामाने केस चिकटलेले आणि टोपीची कड जिथे बसली होती तिथे डोक्याभोवती गोल वळ. मी तिला तशीच कडेवर घेऊन फोन उघडला आणि रुपरावजींचे फोटो मोठे करून बघायला लागले. समोरचा भांग कंगव्याने नीट केलेला, पण कानांच्या वर, दोन्ही बाजूंना, केस दबून गोल वळ. कपाळावर पट्टीची लाल रेघ. हनुवटीखाली पट्ट्याचा ठसा. आणि नीट बघितलं तर बऱ्याच फोटोंत पाठीमागे पिवळ्या हेल्मेटची कड. हा माणूस दिवसभर हेल्मेट घालत होता. फक्त माझ्यासाठी काढत होता.

बैठकीच्या सकाळी मी दुर्गेश सरांना हे दाखवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, एक सांगू का. तुमचे पाच पुण्याले जवळजवळ मान्य झाले. मी बोललो आहे. पण हे केस दाखवले, तर ते म्हणतीन फोटो ठरवून काढले. सत्तावीस नोंदी पुराव्यातून जातीन. पाचाचे तीन होतीन तुमचे. गप्प बसाल तर रुपराव तसाही अडीच वर्षांत रिटायर होते."

"अडीच वर्षं रद्दीत, सर?"

"सावलीत बसवून देईन मी त्याले."

त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. मला पाच हवे होते, हेही खरं. पण यार्डातला तो उडणारा गाल मला दिसत होता, आणि मी बघितलेलं न बघितल्यासारखं करू शकत नाही. तो माझा आजारच आहे.

बैठक सुरू झाली. मोठ्या पडद्यावर कामिनी मॅडम, चष्मा, समोर पाण्याची बाटली. रुपरावजींचे आकडे मी वाचले. त्यांनी मान डोलावली. मग मी खळीवाला फोटो लावला आणि कान मोठा केला.

"आपण नेमकं काय बघतोय?" कामिनी मॅडमनी विचारलं.

"केस, मॅडम."

"केस?"

"दबलेले. हा वळ हेल्मेटचा आहे. ते फोटोसाठी काढलंय, आत्ताच, मिनिटभरापूर्वी."

पुण्याला कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मी दुसरा फोटो लावला, तिसरा लावला. सातव्या कानाला कामिनी मॅडमनी हात वर केला. "त्यांना आत बोलवा."

रुपरावजी सकाळपासून यार्डात हेल्मेट घालूनच होते. ते आत आले, त्यांना भिंतीवर पुणे दिसलं, कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसला, आणि वर कॅमेऱ्याचा छोटा हिरवा दिवा दिसला. त्यांचा हात हनुवटीकडे गेला.

"नका काढू!" मी आणि दुर्गेश सर एकदम ओरडलो.

पण हात कोणाचं ऐकतो? हेल्मेट पाठीमागे गेलं, कंगवा खिशातून निघाला, भांग झाला, आणि दुसरं काही सापडेना म्हणून रुपरावजींनी दुर्गेश सरांकडे हात दाखवला आणि स्थिर उभे राहिले.

कानांच्या वर गोल वळ. कपाळावर लाल रेघ. पुण्यातले सगळे पडद्याजवळ सरकले. मग कामिनी मॅडम चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

"ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "हे धोक्याचं कारण नाहीत, हे मला पटलं. पण धोक्याच्या जागी हेल्मेट काढलं, फोटोसाठी का होईना, ती चूकच. त्यांचं एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण होईल, मग ओळखपत्र परत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि मयुरा, सत्तावीस वेळा त्यांनी हेल्मेट काढलं, तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

"माझ्या, मॅडम."

"मग ती नोंद मला एकसष्टमध्ये का दिसली नाही?"

मी वहीत सत्तावीस लिहिलं आणि अधोरेखित केलं.

मे महिन्यात गुण लागले. तीन. अपेक्षेप्रमाणे. खाली शेरा, 'निरीक्षणशक्ती उत्तम. चौकट सुधारावी.' आणि पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टांत एक नवीन ओळ, 'फोटो काढताना व्यक्तीला सौजन्याने बाजूला करणे – १०० टक्के.' मोहितने या वेळी आधी ताट पुढे ओढलं. वरण वाढून घेतलं आणि म्हणाला, "अपेक्षेपेक्षा चांगलं आहे."

रुपरावजी आता गाडीवर आहेत. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांना दाखवायला माझेच फोटो वापरले, 'असं करू नये' म्हणून, तोंडावर काळी पट्टी लावून. त्यांनी पट्टी लावू नका अशी विनंती केली होती म्हणे, ती मान्य झाली नाही. तेव्हापासून ते माझ्या फोनसमोर येत नाहीत. मी खिळ्याचा फोटो काढते, ते गाडी लांबून वळवतात. स्टेटसही लावत नाहीत. घरी त्या रद्दीच्या दिवसांचं सांगितलं की नाही, ठाऊक नाही. मी विचारलं की एकच उत्तर, "बेस आहे मॅडम." म्हणजे सगळं ठीक. आणि माणूस नीट असला की असं बोलत नाही, हे मला गुंजनच्या पाळणाघरवालीच्या अशाच उत्तरांमुळे चांगलं माहीत आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कोणी संध्याकाळच्या उमरेडच्या बसने जात असेल, तर पुढच्या दारापासून तिसऱ्या चौथ्या सीटवर काळ्याभोर केसांचे एक गृहस्थ खिडकीशी असतात. मी पाठवलं असं सांगू नका. शेजारी बसा, गाडी कशी चालली आहे ते विचारा, आणि खरं काय म्हणतात ते मला कळवा.